राज्य स्पर्धेला निघालेल्या आमच्या मुलींसाठी मदत हवी आहे (व्हॉलीबॉल, १७ वर्षांखालील)

नेटपाशी — सोमवार, रात्री

नमस्कार. मी जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित शिकवते. कर्नाटकची हद्द आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. काल आमच्या शाळेच्या मुली कोल्हापूर विभागाची अंतिम फेरी जिंकल्या. तालुका झाला, जिल्हा झाला, आता विभागही झाला. कोल्हापूर, सांगली, सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांतून आता त्या एकट्याच उरल्या आहेत.

राज्य स्पर्धा नागपूरला आहे. आज सोमवार, आणि पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी रात्रीपर्यंत तिथे हजेरी द्यायची आहे. म्हणजे बुधवारी निघायला हवं, हातात नऊ दिवस. बारा मुली, क्रीडाशिक्षक सर आणि महिला व्यवस्थापक म्हणून मी, असे चौदा जण.

आमचं मैदान म्हणजे शाळेमागची मातीची जागा. सर सकाळी साडेपाचला पाणी मारतात, मग मुली येऊन फक्कीने रेषा ओढतात. दोन अँगलना जाळी बांधलेली आहे. मुलींसाठी ती २.२४ मीटरवर लागते, म्हणून सरांनी एका वेळूच्या काठीवर तेवढी खूण करून ठेवलीय. रोज ती काठी मधोमध उभी करून दोरी ताणायची. बाराजणींपैकी सात अनवाणी खेळतात. निम्म्या घरांत कन्नड बोलतात, त्यामुळे चेंडू आपला आहे हे ओरडून सांगताना कुणाच्याच तोंडून ‘माझा’ येत नाही, सगळ्या ‘नंदू!’ ओरडतात. विभागाला समोरच्या संघाला वाटलं, नंदू नावाची कुणी खेळाडू आहे.

खर्चाचा अंदाज सरांनी आणि मी बसून काढला. सतरा सीटची ट्रॅव्हलर सात दिवसांसाठी ५२,०००. कपड्यांचे दोन-दोन जोड १०,८००. बूट बारा जोड १३,२००. गुडघ्याचे पॅड ३,०००. खाणं १४,७००. दोन चेंडू ३,३००. औषधं, पट्ट्या, सॅनिटरी पॅड मिळून २,०००. एकूण ९९,०००. शाळेकडे यातले काहीच नाहीत. पालकांत बहुतेक द्राक्षबागांत मजुरीला जाणारे. आता विरळणीचे दिवस, सुट्टीच्या दिवशी मुलीही आईबरोबर कात्री घेऊन जातात. त्यांच्याकडून वर्गणी मागायची माझी इच्छा नाही.

जमेल तेवढं द्या. माझा जीपे नंबर व्यक्तिगत संदेशात देते.

---

दादा_माणदेशी — सोमवार, रात्री

ताई, आधी मुलींचं आणि सरांचं मनापासून अभिनंदन! आपल्या दुष्काळी भागातल्या पोरी नागपूरला चालल्या, ऊर भरून आला.

एक सांगतो, ट्रॅव्हलर कशाला? खेळाडूंना रेल्वेत ७५ टक्के सवलत असते. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज करा, काम होईल. नाहीतर एसटीची गाडीच करारावर घ्या, आता बायकांना अर्धं तिकीट आहे. बारा पोरी आणि तुम्ही, तेरा अर्धी तिकिटं. गाडी अर्ध्या पैशात पडेल.

---

रुळावरचा — मंगळवार, सकाळी

मी मिरज स्टेशनला आरक्षणाच्या खिडकीवर तेवीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. दादा, तुमची तळमळ खरी, पण दोन्ही गोष्टी जशा सांगितल्यात तशा होणार नाहीत.

खेळाडूंची सवलत होती. मार्च २०२० मध्ये बहुतेक सवलती बंद झाल्या, तेव्हा तीही गेली. दिव्यांग, रुग्ण आणि विद्यार्थी यांच्याच राहिल्या. विद्यार्थ्यांची सवलत घरी जायला किंवा शैक्षणिक सहलीला असते. स्पर्धेसाठी खिडकीवरचा माणूस ती देईलच असं मी म्हणणार नाही. विचारून बघा, पण हिशेब पूर्ण भाड्याचाच धरा.

एसटीचं अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून आहे आणि ते पक्कं आहे. मात्र ते नेहमीच्या फेरीत वाहकाकडून घेतलेल्या तिकिटाला. करारावर गाडी घेतली की ती किलोमीटरवर आणि दिवसावर बसते, आत बाई आहे का बुवा हे कुणी विचारत नाही. शिवाय चौदा जणांसाठी अख्खी गाडी.

आता ट्रॅव्हलर. मॅडम, तुमचे ५२,००० कुठून आले ते सांगतो. गाडीवाला रोजचे किमान ३०० किलोमीटर लावतो. सात दिवसांचे झाले २,१००. जत ते नागपूर सोलापूर-नांदेड-यवतमाळवरून साधारण ७०० किलोमीटर, म्हणजे गाडी पळणार चौदाशे. मधले चार दिवस ती नागपुरात मैदानाबाहेर उभी राहणार आणि तिचं भाडं चालू राहणार. देणगीदारांचे पैसे उभ्या गाडीवर घालू नका.

महाराष्ट्र एक्सप्रेस रोज आहे. मिरजेला दुपारी बसा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत नागपूर. स्लीपरला माणशी सहाशेच्या आत. चौदा जणांचं जाऊन-येऊन सोळा हजारांच्या घरात. जतहून मिरजेपर्यंत एसटी, तिथे तुमचं अर्धं तिकीट चालेल.

---

नेटपाशी — मंगळवार, दुपारी

काका, रेल्वे आम्ही बघितली होती. बुधवारच्या गाडीला स्लीपरची वेटिंग चाळीसच्या पुढे आहे. मुलींना घेऊन वेटिंगवर निघायची माझी हिंमत नाही. एकेका आईने माझ्याकडे बघून सही दिलीय.

---

रुळावरचा — मंगळवार, दुपारी

तुमची भीती बरोबर आहे. वेटिंगवर पोरी न्यायच्याच नाहीत. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि तुम्हाला निकालच नऊ दिवस आधी कळतो. प्रत्येक शाळेची हीच अडचण असते. पण चाळीसची वेटिंग तुम्ही सर्वसाधारण कोट्यात बघितली. आता मी सांगतो तसं करा.

स्लीपरला महिलांसाठी सहा बर्थ वेगळे असतात. फक्त बायका-मुली असलेल्या तिकिटालाच ते मिळतात, म्हणून बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. सर सोबत आहेत म्हणून तुम्ही सगळ्यांचं एकत्र काढायला जाल, तर ते दिसणारही नाहीत. सहा मुलींचा एक फॉर्म लेडीज कोट्यात भरा. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, त्यामुळे तीन फॉर्म तसेही होणारच. सहा मुली, सहा मुली, आणि तुम्ही दोघं.

उरलेल्या आठांसाठी इमर्जन्सी कोटा. शाळेच्या लेटरहेडवर अर्ज लिहा. त्यात गाडी नंबर, तारीख, तिन्ही पीएनआर आणि सगळ्यांची नावं-वयं घाला, सोबत क्रीडा अधिकारी कार्यालयाचं स्पर्धेचं पत्र जोडा. मिरज पुणे विभागात येतं, म्हणून अर्ज पुण्याच्या विभागीय कार्यालयात गाडीच्या आदल्या दिवशी पोचला पाहिजे. खासदारांच्या कार्यालयाचं शिफारसपत्र जोडलं तर वजन येतं. परतीचा अर्ज नागपूर विभागात वेगळा. हे लोक विसरतात आणि येताना अडकतात.

तात्काळवर विसंबू नका. एका तिकिटावर चारच जण बसतात. चौदा जणांना चार तिकिटं लागतील आणि अकराला खिडकी उघडली की पाच मिनिटांत संपतं.

उद्या सकाळी मिरजेला या. मी खिडकीपाशी थांबतो, फॉर्म माझ्यासमोर भरा.

---

कबड्डीवेडा — मंगळवार, संध्याकाळी

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. गेल्या वर्षी माझ्या मुलाला असंच ‘राज्यस्तरीय’ म्हणून बोलावलं होतं. प्रवेश फी माणशी अडीच हजार, टी-शर्टचे वेगळे, राहण्याचे वेगळे. तिकडे गेलो तर सहा संघ, दोन दिवसांत सगळ्यांना पदकं आणि प्रमाणपत्र. पुढे ते प्रमाणपत्र कुठेच चाललं नाही. कर्ज काढून गेलो होतो. तेव्हा ताई, आधी आयोजक कोण ते बघा. फी मागत असतील तर जाऊ नका.

---

नेटपाशी — मंगळवार, संध्याकाळी

दादा, राग कशाचा. तुमच्यासारखे फसलेले आमच्या तालुक्यातही आहेत. ही शालेय क्रीडा स्पर्धा आहे, क्रीडा व युवक सेवा संचालनालयाची. प्रवेश जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत गेला आहे आणि राज्याला माणशी फी मागितलेली नाही. आठ विभागांचे आठ विजेते येणार.

---

जुनी_शूटर — मंगळवार, रात्री

मी नव्वदच्या दशकात लातूर विभागाकडून दोनदा राज्य खेळले. धागा वाचून पायाचे तळवे दुखले, खरंच.

ताई, बूट आजच घ्या. उद्या नाही, आज. अनवाणी खेळणाऱ्या मुलीला स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवा बूट दिला की पहिल्याच सामन्यात टाचेला फोड येतो आणि दुसऱ्या सेटला ती उडी मारताना कचरते. माझं तेच झालं होतं. आठ दिवस मिळाले तर बूट पायाला बसतो. शिवाय बूट घालून ॲप्रोचची पावलं बदलतात. सवय असते मातीत पाय रोवून उडायची, बूट पकडतो आणि मुलगी जाळीत जाते. सराव बुटातच घ्या. आणि तळवा सपाट रबरी हवा. दुकानदार धावण्याचे बूट दाखवेल, टाच उंच असते त्यांची, आडवं सरकताना घोटा मुरगळतो. ते घेऊ नका.

सात मुली अनवाणी आहेत ना? मग बारा जोड कशाला? पाचजणींचे बूट चालण्यासारखे असतील तर सातच घ्या.

कपड्यांचंही तसंच. विभागाला जो जोड वापरला तो आहेच, एक नवा जोड पुरे. पण तुमच्या यादीत लिबेरो कुठे दिसली नाही. तिचा शर्ट बाकीच्यांपेक्षा स्पष्ट वेगळ्या रंगाचा लागतो. विभागाला तुम्ही काय केलंत?

---

नेटपाशी — मंगळवार, रात्री

शाळेच्या कबड्डी संघाचा पिवळा शर्ट घातला होता. नंबर पाठीवर होता, छातीवर नव्हता. पंचांनी चिकटपट्टीने लावून घेतला आणि तिसऱ्या सेटला घामाने तो निघाला.

---

जुनी_शूटर — मंगळवार, रात्री

राज्याला तेवढी सूट मिळेल असं धरू नका. नंबर छातीवर किमान १५ सेंटिमीटर आणि पाठीवर २० सेंटिमीटर उंचीचे, कापडाच्या रंगापेक्षा उठून दिसणारे. कॅप्टनच्या छातीवरच्या नंबराखाली पट्टी. शिंप्याला हे कागदावर आकडे घालून द्या. ‘मोठे नंबर टाका’ म्हटलं की तो त्याच्या मनाने टाकतो. लिबेरोचे दोन शर्ट करा, एक मळला तर दुसरा.

अजून एक विचारते. तुमच्या मैदानावर जाळीला अँटेना आहेत?

---

नेटपाशी — बुधवार, पहाटे

नाहीत. विभागाच्या उपांत्य सामन्यात त्याच्यापायीच आमचे चार गुण गेले. आमची शूटर डावीकडून रेषेवर मारते, चेंडू कांडीला लागला की बाद. तिला कळेना की चेंडू आत पडला तरी शिट्टी का वाजली. रडवेली होऊन सरांकडे बघत होती.

---

जुनी_शूटर — बुधवार, सकाळी

मग हे आजच करा, याला पैसे लागत नाहीत. दोन सरळ वेळूच्या कांब्या घ्या, १.८० मीटरच्या. जाळीच्या वर ८० सेंटिमीटर आल्या पाहिजेत. लाल-पांढरे पट्टे रंगवा आणि बाजूच्या रेषेच्या बरोबर वर बांधा. खरी अँटेना लवचिक असते, वेळू तसा नसतो, त्यामुळे जाळीपाशी लोंबकळायचं नाही हे मुलींना सांगा. पण कांडी डोळ्यांसमोर आठ दिवस राहिली की हात आपोआप आत वळतो.

---

ग्रामविकासी — बुधवार, सकाळी

मी ग्रामपंचायत अधिकारी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. तुमच्या पंचायतीला विचारलंत का? स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडे त्यातून मुलींना खेळाचं साहित्य दिलं होतं. शाळेचा अर्ज आणि मासिक सभेचा ठराव लागतो. रोख हातात मिळणार नाही, दुकानदाराच्या बिलावर मिळेल. म्हणून प्रवासासाठी मागू नका, गुडघ्याचे पॅड किंवा बूट मागा. आमदार निधीच्या मागे मात्र वेळ घालवू नका, तो पक्क्या कामांसाठी असतो, प्रवासाला नाही.

---

नेटपाशी — बुधवार, दुपारी

सरपंचताईंना भेटून आले. त्या तयार आहेत. मासिक सभा मात्र आम्ही निघाल्यानंतरच्या शुक्रवारी आहे. दुकानदार उधारीवर देईल का ते बघते.

---

हिशेबनीस — बुधवार, दुपारी

मी पुण्यात सनदी लेखापाल आहे. मला पाच हजार द्यायचे आहेत, पण तुमच्या जीपेवर नाही. तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तुमच्याच काळजीने सांगतोय. अनोळखी पन्नास माणसांचे पैसे शिक्षिकेच्या पगाराच्या खात्यात आले, तर उद्या कुणीही बोट दाखवू शकतं आणि तुमच्याकडे दाखवायला पावतीही नसेल.

शाळा ज्या संस्थेची आहे ती नोंदणीकृत न्यास असेलच. पैसे तिच्या बँक खात्यात घ्या आणि तिच्या छापील पावतीपुस्तकातली पावती द्या. पावतीवर ‘मुलींचा व्हॉलीबॉल संघ, राज्य स्पर्धा’ असं कारण लिहा, म्हणजे ती रक्कम दुसरीकडे वळत नाही. गणेश मंडळांना जशी वर्गणीसाठी धर्मादायची ४१क ची परवानगी लागते, तसा प्रश्न मग उरत नाही.

संस्थेकडे ८०जी आहे का? जुनं प्रमाणपत्र दाखवतील, त्यावर जाऊ नका. २०२१ पासून सगळ्यांना नव्याने नोंदणी करावी लागली आहे. नव्याने केली नसेल तर ‘करसवलत मिळेल’ असं आवाहनात चुकूनही लिहू नका.

---

नेटपाशी — बुधवार, रात्री

तुमचं पटलं. जीपेवर सात जणांचे मिळून ६,५०० आले होते, ते आज संस्थेच्या खात्यात भरले आणि सातही जणांना पावतीचा फोटो पाठवला. ८०जी जुनंच आहे, नवं केलेलं नाही. म्हणजे करसवलत मिळणार नाही, हे सगळ्यांना आधीच सांगते.

मिरजेला जाऊन आले. काका खिडकीपाशी सकाळी आठपासून उभे होते. जाताना लेडीज कोट्यात सहा बर्थ मिळाले, पक्के! उरलेल्या आठजणांची वेटिंग आहे.

---

ओहायोची_लेक — गुरुवार, पहाटे

माझं माहेर कवठेमहांकाळ. इथे आमच्या ओळखीच्या चार घरांनी मिळून तीनशे डॉलर काढलेत. संस्थेचा खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या, आजच पाठवते. मुलींचा एक व्हिडिओ मिळाला तर इथल्या गणपती मंडळातही दाखवीन.

---

हिशेबनीस — गुरुवार, सकाळी

ताई, थांबा. एक प्रश्न विचारतो. तुमच्या चार घरांकडे पासपोर्ट भारताचा आहे की अमेरिकेचा?

---

ओहायोची_लेक — गुरुवार, सकाळी

माझा आणि अजून दोघांचा अमेरिकेचा, ओसीआय कार्ड आहे. चौथी मैत्रीण एच-१ वर आहे, तिचा भारतीय. का? आम्ही मराठीच आहोत की.

---

हिशेबनीस — गुरुवार, सकाळी

मराठी आहातच, पण विदेशी योगदान नियमन कायदा नागरिकत्व बघतो. परदेशी नागरिकाने दिलेली देणगी ही विदेशी देणगी ठरते. ओसीआय असलं तरीही. ती घ्यायला संस्थेची एफसीआरए नोंदणी लागते, आणि जत तालुक्यातल्या एका छोट्या शिक्षणसंस्थेकडे ती असण्याची शक्यता नाही. तीनशे डॉलरसाठी संस्थेवर चौकशी लागायची.

तुमच्या चौथ्या मैत्रिणीचं वेगळं. भारतीय नागरिक परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. तिने फक्त तिचे पाठवावेत. तुम्हा तिघींचे गोळा करून तिच्या नावाने नको.

---

ओहायोची_लेक — गुरुवार, रात्री

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्याच तालुक्याशेजारच्या मुली आणि माझेच पैसे चालत नाहीत. तिने तिचे पाठवले. मी कवठ्यातल्या माझ्या शाळेच्या मैत्रिणींच्या गटात हा धागा टाकला आहे, त्या इथल्याच आहेत.

---

दादा_माणदेशी — शुक्रवार, सकाळी

ताई, आता खर्च किती धरायचा ते एकदा नव्याने सांगा. मी इथे चार जणांना ९९,००० सांगून बसलोय.

---

नेटपाशी — शुक्रवार, दुपारी

सांगते. प्रवास आता १९,६३० वर आला, त्यात रेल्वे, जत-मिरज एसटी आणि नागपुरातल्या रिक्षा धरल्यात. कपड्यांचा एक जोड आणि लिबेरोचे दोन शर्ट मिळून ६,०००. बूट सात जोड ७,७००, ते काल आणले आणि आज सकाळी मुली त्यातच खेळल्या. पॅड ३,०००, औषधं २,०००. खाण्याचा आमचा अंदाज चुकला होता. पत्र नीट वाचलं तर गुरुवार रात्रीपासून जेवण-निवास आयोजकांकडे आहे, म्हणून फक्त प्रवासातलं धरलं, ६,३००. चेंडू सांगलीच्या एका वाचकांनी दोन्ही दिले. अडीअडचणीला ३,०००. एकूण ४७,६३०.

आजवर ३८,४०० जमलेत. ज्यांनी ९९,००० वाचून दिले त्यांपैकी कुणाला परत हवे असतील तर सांगा, कमीपणा मानू नका.

---

कबड्डीवेडा — शुक्रवार, रात्री

परत कशाला. माझे ५०० राहू द्या. एक शंका आहे. बाद फेरी आहे ना? पहिल्याच दिवशी हरलात तर शुक्रवारीच मोकळ्या. मग सोमवारचं परतीचं तिकीट कशाला? तीन दिवस नागपुरात बसून काय करणार?

---

जुनी_शूटर — शनिवार, सकाळी

म्हणूनच सोमवारचं हवं. पत्रात निवड चाचणीचा दिवस बघा. राज्याचा संघ फक्त जिंकणाऱ्या शाळेचा नसतो, आलेल्या सगळ्या संघांमधून बाराजणी निवडतात. पहिल्या फेरीत हरलेल्या शाळेची मुलगीही राष्ट्रीयला जाऊ शकते. पण चाचणीच्या वेळी मैदानावर उभी पाहिजे. दरवर्षी लांबच्या गावांचे संघ हरले की रात्रीची गाडी पकडतात, तिकीट तेच असतं म्हणून. माझ्या संघाची लिफ्टर अशीच घरी परतली होती. तिच्यापेक्षा चांगला हात मी नंतर पाहिला नाही.

हरलात तरी सकाळी सराव चालू ठेवा. आणि हरलेल्या संघाचं जेवण पुढे चालू राहतं का, हे आजच फोन करून विचारा. आमच्या वेळी कुपन बंद केली होती.

---

नेटपाशी — शनिवार, संध्याकाळी

चाचणी रविवारी दुपारी आहे. जेवणाचं विचारलं, ‘आल्यावर बघू’ एवढंच उत्तर मिळालं. अडीअडचणीचे ३,००० त्यासाठीच बाजूला ठेवते.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या लिफ्टरच्या वडिलांनी अजून संमतीपत्रावर सही केलेली नाही. पैशाचा प्रश्न नाही. विरळणी चालू आहे, आई आजारी आहे आणि धाकट्या भावाला बघणारं कुणी नाही. मी दोनदा जाऊन आले. ते म्हणतात, ‘बाई, सात दिवस म्हणजे सात दिवस.’ त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

---

दादा_माणदेशी — शनिवार, रात्री

ताई, त्यांचा बुडणारा रोज आम्ही भरून देतो. सात दिवसांचा हिशेब करा, मी एकटा देतो.

---

जुनी_शूटर — रविवार, सकाळी

दादा, पैसे देऊ केले की तो माणूस दुखावेल. धाकट्याला कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न आहे. संघातल्या दुसऱ्या एखाद्या मुलीची आजी आठवडाभर त्याला सांभाळेल का, ते विचारा. आणि सरांना पाठवा, सोबत एखाद्या आईला न्या. आमच्या घरी माझे काका तसेच आले होते.

---

ग्रामविकासी — रविवार, सकाळी

आणि बदली लिफ्टर तयार ठेवा. नाव यादीत बाराजणींचंच गेलं असेल, पण आत कोण खेळणार ते तुमच्या हातात आहे.

---

नेटपाशी — मंगळवार, रात्री

उद्या निघतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्ज पुण्याला आज सकाळी अकराच्या आत पोचवला, आमचा एक माजी विद्यार्थी स्वतः घेऊन गेला. उरलेल्या आठांचं चार्ट लागल्यावर कळेल. नाहीच झालं तर पक्क्या सहा बर्थवर पाच मुली आणि मी रेल्वेने आणि बाकीच्या सरांसोबत सोलापूर-नांदेडमार्गे एसटीने, असं ठरवलंय. मुलींच्या अर्ध्या तिकिटामुळे खर्च जवळपास तेवढाच येतो, फक्त पायांना सूज येईल. सरांसोबत एक आई येते म्हणाली आहे. परतीचा अर्ज नागपूरला मेलने गेला, त्याचं अजून काही नाही.

जमले ४९,१००. वरचे १,४७० संस्थेच्या खात्यात राहतील, पुढे ताणलेल्या जाळीसाठी. सगळी बिलं आल्यावर फोटो काढून इथेच टाकीन.

सर आणि वरच्या आळीतली आजी रविवारी लिफ्टरच्या घरी गेले होते. आजीने धाकट्याला आपल्याकडे न्यायचं कबूल केलं. वडील काही बोलले नाहीत. आज संध्याकाळी सरावाला ती आली तेव्हा नवे बूट हातात होते, पायात नव्हते. म्हणाली, घरून निघताना घातले नाहीत, सही अजून झाली नाही म्हणून. मग रेषेबाहेर बसून तिने ते घातले, नाडी दोनदा बांधली आणि आत आली. एसटी सकाळी नऊची आहे, मी आठला त्यांच्या घरावरून जाणार आहे.

---

रुळावरचा — मंगळवार, रात्री

मी उद्या दुपारी एकपासून मिरजेला फलाटावर आहे. चार्ट लागला की आधी मला फोन करा. सगळ्यांची ओळखपत्रं मूळ ठेवा, झेरॉक्स नको. आणि पाण्याच्या बाटल्या तुम्ही आणू नका, मी घेऊन येतो.